आक्काच्या झटक्याची नक्कल

माझ्या थोरल्या बहिणीला झटके यायचे आणि मी त्यांची नक्कल करून लोकांना हसवायचो.

हे आधीच सांगून मोकळा होतो. मागाहून सांगायला गेलो तर त्याला मीठमसाला लावीन, आणि तुम्ही हसाल. लोकांना हसवायची मला वाईट खोड आहे. पाटोद्याजवळच्या खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत बावीस वर्षं मास्तरकी केली. पोरांना गणित किती आलं ते पोरांनाच ठाऊक, पण हेडमास्तर शिंकतात कसे हे तिन्ही तुकड्यांना मी शिकवलं.

आक्काचा झटका मी असा करायचो: खांद्यावरचा टॉवेल पदरासारखा डोक्याला गच्च आवळायचा. दोन्ही हातांनी कपाळ धरायचं. गाल फुगवून श्वास कोंडून ठेवायचा, म्हणजे तोंड लालबुंद होतं. मग भिंतीला टेकून बारीक आवाजात, "आगं आई गं, डोकं फुटलं, पाणी आणा गं पाणी!" बारसं असो, साखरपुडा असो, जेवणं उरकली की कुणीतरी म्हणायचंच, "गुरुजी, आक्काचं होऊन जाऊ द्या." एका भाऊबिजेला तर खुद्द आक्कासमोर केलं. सगळ्यांत जास्त तीच हसली. डोळे पुसत म्हणाली, "माज्यापरीस तुलाच झटका चांगला येतो की रं!"

आक्का आणि दाजी दरवर्षी ऊसतोडीला जायचे. तिचा झटका बहुतेक वेळा फडातच यायचा, मोळी उचलायला वाकली की. डोक्यात घण घातल्यासारखं ठणकायचं, छाती धडधडायची, थंडीच्या दिवसांतही चोळी घामानं पिळून काढावी अशी व्हायची. दहा-पंधरा मिनिटं. मग ती उठायची, तोंडावर पाणी मारायची आणि कोयता हातात घ्यायची. मुकादम म्हणायचा, "मोळी दिसली की बाईला झटका येतो." तपासलं नाही असं नाही. दोन-तीनदा दवाखान्यात नेलं, पण तिथं पोचेपर्यंत झटका उतरलेला असायचा. बीपी एकशेवीस-ऐंशी. मीच म्हणायचो, "तुझं बीपी माझ्यापेक्षा चांगलं हाय आक्का, आता ढोंग बास कर."

तिला अंगावरून जास्त जायला लागलं तेव्हा ती माझ्याकडं आली. आमच्याकडं तोडीला जाणाऱ्या बायांत गर्भाशयाची पिशवी काढून टाकणं म्हणजे दाढ काढण्यासारखं झालंय. दर महिन्याची कटकट नको, कामाचा खाडा नको. तिच्या टोळीतल्या चौघींनी काढली होती. आक्काचं मन होत नव्हतं. ओसरीवर बसून तिनं मला विचारलं, "तू शिकलेला हायीस. काय करू सांग."

मी शिकलेला होतो ना. म्हणालो, "काढून टाक. तुझं डोकं बी त्यानंच दुखत असंल. एका दगडात दोन पक्षी."

माझ्या शब्दावर ती गेली. खासगी दवाखाना होता, डॉक्टर भला माणूस होता. आधी तपासलेलं बीपी कागदावर चांगलं होतं. झटका नसताना ते चांगलंच असायचं. भूल देऊन काम सुरू केलं आणि बीपी एकदम वर गेलं, मापाबाहेर. मग तितकंच खाली आलं. हृदय थांबलं. डॉक्टर बाहेर आला तेव्हा त्याचेच कपडे घामानं भिजले होते. म्हणाला, "असं कशानं झालं, मला कळंना." आम्हालाही कळलं नाही. ज्यातलं कळत नाही त्याला नशीब म्हणायची सोय असते, ती आम्ही वापरली. आक्का एकोणचाळीस वर्षांची होती.

त्यानंतर मी ती नक्कल केली नाही. यात चांगुलपणा काही नाही. कुणी करायला सांगितली नाही, इतकंच.

सात वर्षं गेली. आक्काची पोरगी, माझी भाची, बारावी होऊन लग्न करून नवऱ्याबरोबर तेलगावच्या बाजूला तोडीला लागली होती. एका दुपारी तिचा फोन आला. मागं ट्रॅक्टरचा आवाज.

"मामा, मला बी आईसारखं व्हतंय."

मी नेहमीच्या सवयीनं काहीतरी चेष्टेचं बोलणार होतो. ते सोडून म्हणालो, "तू इकडं निघून ये."

चार दिवसांनी ती सासूबरोबर माझ्या दारात उतरली. सव्वीस वर्षांची पोर, डोळ्यांखाली काळं. सासूबाईंचं सगळं ठरलेलं होतं. "गुरुजी, हिची पिशवी काढून टाकू. हिच्या आईला बी तसलाच तरास व्हता म्हणं."

आयुष्यात एकदा मी शहाण्यासारखा वागलो. "पिशवीचं नाव काढायचं न्हाई," म्हणालो. आणि लगेच, इतका शहाणपणा अंगी लागू नये म्हणून की काय, तिला दवाखान्यात न नेता मी मेडिकलवाल्या दोस्ताकडं गेलो.

"धडधडीची गोळी दे," मी म्हणालो.

"चिठ्ठी?"

"मी हाय की."

"तू मास्तर हायीस का डॉक्टर, बे?" असं म्हणत त्यानं पाकीट काढून दिलं. गावात मास्तरला नाही म्हणायची पद्धत नाही, तिथंच घात होतो.

सकाळी चहानंतर भाचीनं दोन गोळ्या घेतल्या. साडेदहाच्या सुमाराला ती धुणं उचलायला वाकली आणि जी खाली बसली ती उठेना. याआधीचे झटके पंधरा मिनिटांचे होते. हा उतरायलाच तयार नव्हता. तिला ओकारी झाली, डोळ्यांसमोर धुरकट दिसायला लागलं. शेजारच्याची जीप काढून तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नेली. नशीब एवढंच की या खेपेला झटका आमच्याबरोबर जीपमधून आला.

तिथल्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी स्वतः पट्टा बांधला. आकडा बघून काढला आणि दुसऱ्या दंडाला बांधला. दोनशे चाळीस, एकशे तीस.

"मशीन बिघडलं असंल मॅडम," मी म्हणालो.

"मशीन चांगलं आहे गुरुजी. तुम्ही जरा बाजूला बसा."

औषधं सुरू झाली. तास-दीड तासानं बीपी उतरू लागलं तेव्हा मॅडम स्टूल ओढून आमच्यासमोर बसल्या. डोकेदुखी, घाम आणि धडधड, तिन्ही बरोबर येतात का? किती वेळ राहतं? काय केल्यावर येतं? भाची पडल्या पडल्या उत्तरं देत होती. मग विचारलं, "आज काही औषध घेतलं होतं?"

मी खिशातून पाकीट काढलं. मॅडमनी ते वाचलं, माझ्याकडं बघितलं, पुन्हा वाचलं.

"कुणी दिलं?"

"मीच."

रागावल्या नाहीत. पाकीट टेबलावर ठेवून त्यांनी समजावलं, मी पोरांना समजावतो तसं. माणूस घाबरला की अंगात एक रस सुटतो. तो रक्तवाहिन्या आवळतो आणि हृदय पळवतो. "तुमच्या गोळीनं हृदयाला लगाम लावला. पण वाहिन्या सैल ठेवणारी जी थोडी सोय शरीरात असते, तीही तिनं बंद केली. आवळणारं काम मोकळंच राहिलं. साध्या धडधडीला ही गोळी चालते. हिला चालली नाही, उलट भडका उडाला. म्हणूनच मला शंका येते, की हिच्या अंगात तो रस कुठूनतरी भसाभस सुटतोय."

मग त्या म्हणाल्या, "घरात असा त्रास आणखी कुणाला होता?"

कॉटवरून भाची म्हणाली, "माझ्या आईला. मामा करून दाखवत्यात की. लई भारी करत्यात."

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच वाटलं, की याचा उपयोग होईल. मॅडम माझ्याकडं वळल्या. "दाखवा."

मी इतक्या लोकांसमोर ती नक्कल केलीय, पण डॉक्टरसमोर कधी नाही. टॉवेल डोक्याला बांधला. कपाळ धरलं. गाल फुगवले. नर्सबाई दारात थांबून बघत होत्या आणि पहिल्यांदाच कुणी हसत नव्हतं.

"चेहरा असा लाल व्हायचा?" मॅडमनी लिहिता लिहिता विचारलं.

"हो, लालबुंद."

"न्हाई मॅडम," भाची म्हणाली. "पांढरीफटक पडायची आई. व्हट सुदीक. माझं बी तसंच व्हतंय, आमच्या सासूबाईला इचारा."

सासूबाईंनी मान डोलावली. मॅडमनी लिहिलेलं खोडलं. "हा फरक महत्त्वाचा आहे," एवढंच म्हणाल्या. मी लाल तोंड करायचो, कारण लोक त्यालाच हसायचे. पांढरं तोंड करता येत नाही, आणि त्याला कुणी हसतही नाही.

"आई आता कुठं असते?"

ते मी सांगितलं. पिशवी, भूल, बीपी, सगळं. कुणाच्या सांगण्यावरून, तेही. मॅडमनी पेन खाली ठेवलं. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक छोटी ग्रंथी असते, म्हणाल्या, तिच्यात कधीकधी गाठ होते आणि ती गाठ हा रस सोडते. शंका खरी की खोटी, ते एका तपासणीत बरंचसं कळतं.

"कसली तपासणी?"

"लघवीची."

बाहेर व्हरांड्यात येऊन मी भिंतीला टेकलो, नकलेत टेकायचो तसाच. लघवीची तपासणी. माझ्या बहिणीचा आजार आणि तो कळणं, यांत फक्त तेवढं अंतर होतं.

मॅडमनी वाहिन्या सैल ठेवणारी एक गोळी सुरू करून संभाजीनगरच्या मोठ्या सरकारी दवाखान्याची चिठ्ठी दिली. माझ्या दोस्ताची गोळी बंद. कुठलंही ऑपरेशन, कुठलीही भूल तपासणी होईपर्यंत घ्यायची नाही, हे तांबड्या शाईनं लिहिलं. आम्ही दवाखान्याच्या आवारातल्या धर्मशाळेत उतरलो. प्रयोगशाळेतल्या माणसानं पाच लिटरचा कॅन दिला आणि सांगितलं: उद्या सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची. तिथून पुढं चोवीस तासांतली सगळी या कॅनमध्ये, परवा सकाळच्या पहिल्या लघवीसकट. थेंबही वाया घालवायचा नाही, मग्यातून ओतायची, कॅन सावलीत गार ठेवायचा. डोकं दुखलं तरी मेडिकलमधली गोळी मनानं घ्यायची नाही, तपासणी चुकते.

मी चोवीस तासांचं वेळापत्रक वहीवर आखलं. आणि सुरू करण्याआधी कॅनचं झाकण उघडून बघितलं, तर तळाला थोडं पाणी, वास उग्र. बाटल्या धुतल्याशिवाय पोरांना वर्गात न घेणारा मास्तर मी. कॅन नळाखाली धरला आणि तीनदा खळखळून लख्ख केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सहज गप्पा मारायला म्हणून त्या माणसाकडं गेलो आणि मोठ्या अभिमानानं सांगितलं, "तुमचा कॅन घाण होता, मी धुऊन घेतला."

त्यानं कपाळावर हात मारला. "गुरुजी, त्यात आम्ही ॲसिड घातलं होतं. नमुना टिकायला. हात भाजला नाही, हेच नवल."

नवा कॅन. पुन्हा पहिल्यापासून. या वेळी भाचीनं तो माझ्या हाती दिलाच नाही. कॉटखाली ठेवला, वर पोतं टाकलं, आणि मी जवळ गेलो की म्हणायची, "मामा, लांब." त्या चोवीस तासांत तिला दोनदा झटका आला. मी पहिल्यांदा घड्याळ लावून शेजारी बसलो. सहा मिनिटं, आणि अकरा मिनिटं. तिचे ओठ खरंच पांढरे पडले होते.

अहवाल यायला आठ दिवस लागले. त्या रसाचे उरलेसुरले तुकडे लघवीत किती येतात, ते त्यात मोजलेलं असतं. भाचीचे नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या कितीतरी पट होते. मोठे डॉक्टर म्हणाले, आधी हे सिद्ध झालं, आता गाठ शोधायची. आधी फोटो काढत बसलो तर नको ती गाठ दिसते आणि दिशा चुकते. मग सीटी स्कॅन झाला. उजव्या मूत्रपिंडावर, लिंबापेक्षा थोडी मोठी. मी सुचवलं, "सुई घालून तुकडा तपासायचा का?" वाचलं होतं कुठंतरी. डॉक्टर म्हणाले, "तिला सुई टोचणं म्हणजे मोहोळात काठी घालणं. गुरुजी, तुम्ही फक्त चहा आणत जा."

काढायची ठरली. आणि भाची, जी इतके दिवस मला हसत होती, ती त्या दुपारी भिंतीकडं तोंड करून झोपली. नवरा फडावरून आला होता, त्याच्याशी बोलेना. मी जवळ गेलो.

"मामा, भूल नको. आई भुलीतच गेली."

मीच पाठवली होती ना तिला. भूल देणारे डॉक्टर आले, त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "तुझी आई तयारीशिवाय गेली पोरी, कारण कुणालाच माहीत नव्हतं. तुला आम्ही दोन आठवडे तयार करणार. तोवर हात लावणार नाही."

ते दोन आठवडे फार लांब होते. वाहिन्या सैल करणारी गोळी रोज थोडी वाढवायची. बीपी झोपवून घ्यायचं, मग उभं करून घ्यायचं. भरपूर पाणी, आणि जेवणात मीठ जास्त, कारण सैल झालेल्या वाहिन्या भरायला हव्यात. बीपीच्या माणसाला मीठ? मी वाद घालायला तोंड उघडलं, भाचीनं नुसतं बघितलं, मी मिटलं. तिचं नाक चोंदायला लागलं, डॉक्टर म्हणाले, ही गोळी लागू पडल्याची खूण. झटके कमी झाले. शेवटच्या दिवसांत आणखी एक गोळी सुरू झाली, हृदयाची गती आवरायला. पाकीट बघितलं आणि ते घेऊन मी तसाच डॉक्टरांकडं गेलो. माझ्या दोस्तानं दिली होती तीच. "हीच," डॉक्टर म्हणाले, "पण वाहिन्या सैल झाल्यानंतर. आधी दिली की घात, नंतर दिली की औषध."

ऑपरेशनच्या दिवशी मी जिन्यात बसून होतो. साडेतीन तास. आत काय झालं ते नंतर कळलं: दुर्बिणीनं, बारीक भोकांतून काम चाललं होतं, आणि गाठीला हात लागल्याबरोबर बीपी उसळलं होतं. दोनशेच्या वर. पण भूल देणाऱ्यांच्या हातात औषध तयार होतं. गाठ सुटी झाल्यावर ते धाडकन खाली आलं, त्याचीही तयारी होती, सलाइन वाहत होतं. आक्काच्या वेळी हेच झालं असणार. चढ हाच, उतार हाच. हातात मात्र कुणाच्या काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर फेरीला आले. बीपी एकशेअठरा. हा आजार कधीकधी घराण्यातून येतो, म्हणाले. हिच्या भावंडांची आणि गुरुजी, तुमचीही तपासणी करून घ्या. मी विचारलं, आक्काला हेच होतं का. ते म्हणाले, "असावं. पण आता खात्रीनं कसं सांगणार?"

मी जिन्यात जाऊन रडलो. परत आलो तर भाची उशाला टेकून बसली होती, नाकातली नळी निघालेली, ओठांवर रंग आलेला. माझे डोळे तिनं बघितले.

"मामा, आईचं करून दाखवा."

"आता?"

"हसवू नका, टाके हायती. नुसतं दाखवा. आईचा चालता-बोलता एक बी व्हिडिओ न्हाई आपल्याकडं."

मी टॉवेल डोक्याला बांधला. या वेळी गाल फुगवले नाहीत. कपाळ धरलं, डोळे मिटले, भिंतीला टेकलो, आणि अगदी हळू म्हणालो, "आगं आई गं, डोकं फुटलं. पाणी आणा गं पाणी." आवाज आक्काचाच निघाला. शेजारच्या कॉटवरची म्हातारी नर्सला हाक मारू लागली, "ओ बाई, ह्यांना काय झालं बघा!"

डोळे उघडले तेव्हा भाची माझ्याकडं टक लावून बघत होती.

"आई पाणी मागायची न्हाई मामा," ती म्हणाली. "तिला बोलताच यायचं न्हाई. पाणी तुमीच घातलंय त्यात. तुमी नुसते हसत व्हता, बघत कुटं व्हता?"